दाराजवळच्या बाकासाठी

ही हकीकत लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाव घालू नका. बाकी सगळं घाला. आणि त्या बोर्डाच्या साहेबांची गोष्ट तर घालाच." म्हणून कोणाचंच नाव न घालता लिहिते आहे.

गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी घाटकोपर पूर्वेला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते. राहायला मुलुंडला. दवाखान्यात डोळे तपासायची खोली होती, तिच्यात प्लायवूडचा पडदा टाकून आमचं बालमार्गदर्शन केंद्र केलेलं. पलीकडून सारखं "आता खालची ओळ वाचा" असं ऐकू येई. आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर आठवड्यातून दोन दुपारी येत. बाकीचे दिवस मी एकटीच. लोकांना माझं काम काय हे कळत नसे. "म्हणजे तुम्ही डॉक्टर नाही?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला होता की नाही म्हणताना मला आता वाईटही वाटत नसे.

तिला तिची आई घेऊन आली. घर घाटकोपर पश्चिमेला, डोंगरावरच्या चाळीत. माणसं मूळची मालवणकडची. वडील गिरणीत होते. गिरणी सुरू झालीच नाही, तेव्हा साकीनाक्याला एका कारखान्यावर रखवालदार म्हणून लागले होते. मुलगी सोळा वर्षांची, उंच, हात मांडीखाली दाबून बसलेली. आईने बसायच्या आधीच सांगून टाकलं, "बाई, माझा चेडू येडा नाय हा. पयलाच सांगतंय."

मुलगी शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी. नववीपर्यंत पहिल्या पाचात. आदल्या मार्चमध्ये दहावीच्या पहिल्या पेपरला बसली, प्रश्नपत्रिका हातात आली, आणि थोड्या वेळाने बाक ढकलून वर्गाबाहेर पळाली. जिन्यावर उलटी झाली. पर्यवेक्षकांनी परत आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ती केंद्राच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथेच खाली बसली. उरलेले पेपर दिलेच नाहीत. शेजाऱ्यांनी बाहेरचं काहीतरी असेल म्हणून सांगितलं, तेव्हा गावी नेऊन देवाला कौल लावून झाला. एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी लग्न करून टाका म्हणून सल्ला दिला.

मी तिला विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं. तिने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "सगळे श्वास घेत होते आणि मला हवाच मिळत नव्हती. वाटलं मी इथेच मरणार, आणि मी मेले तरी सगळे लिहीतच बसणार."

हे वाक्य मी तसंच उतरून ठेवलं. पुढे बोर्डाला पत्र लिहिलं, त्यात मात्र ते घातलं नाही. ते तिचं होतं, बोर्डाचं नव्हतं.

त्यानंतर ती दर आठवड्याला येऊ लागली. मी बुद्धिमापन केलं. ते सरासरीपेक्षा वरच आलं. शाळेतून तिच्या बाईंकडून माहिती मागवली. डॉक्टरांनी तपासलं, छातीचं, थायरॉइडचं काही नाही ना याची खात्री करून घेतली आणि अगदी कमी मात्रेत औषध सुरू केलं. झटके फक्त परीक्षेत येत नव्हते. रेशनच्या रांगेत, देवळाच्या गाभाऱ्यात, जिथून पटकन बाहेर पडता येणार नाही अशा कुठेही येत. सतत पुढच्या झटक्याची धास्ती. त्यामुळे झोप नाही, जेवण नाही. नुसती परीक्षेची भीती हे या आजाराचं नाव नव्हतं. परीक्षा ही फक्त ती जागा होती जिथे तिचं सगळ्यांत जास्त नुकसान झालं.

आम्ही श्वास सावकाश सोडायला शिकलो, अंग सैल करायला शिकलो. मग भीतीच्या पायऱ्या केल्या. आधी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून जुनी प्रश्नपत्रिका सोडवायची, मग दार लोटून, मग दवाखान्याच्या बाकड्यावर माणसांत. झटका आला तर पळून घरी जायचं नाही, बाहेर जाऊन उभं राहायचं, तो ओसरू द्यायचा आणि परत येऊन बसायचं. हे "परत येऊन बसायचं" सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत महत्त्वाचं. दिवाळीपर्यंत तिला ते जमू लागलं. झटका थांबत नव्हता, पण ती परत येत होती.

आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की बोर्डाच्या परीक्षेत ती बाहेर गेली तर तिला परत येऊ देणारच नाहीत. आम्ही जे महिनोन् महिने कमावलं होतं ते एका नियमाने वाहून जाणार होतं.

मी पत्र लिहायचं ठरवलं. अंध मुलांना लेखनिक आणि जादा वेळ मिळतो हे मला माहीत होतं. हात मोडलेल्यालाही लेखनिक मिळतो. मनाच्या आजारासाठी कोणी काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "लिहा, मी खाली सही करतो. पण होणार काही नाही." मी म्हटलं, नाही झालं तर नाही म्हणून लेखी तरी देतील.

पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. मी शिकले इंग्रजीत. बोर्डाचा कारभार मराठीत. आजाराला शब्द कोणता वापरायचा? पुस्तकी मराठीत "चिंताविकृती" होता. मी तोच घातला, "तीव्र चिंताविकृती", आणि पत्र पाठवण्याआधी तिला वाचायला दिलं. तिच्याबद्दल आम्ही बाहेर काय लिहितो हे तिला कळलं पाहिजे, आणि आईवडिलांची संमती पाहिजे, हा माझा रिवाज होता. आमच्या दवाखान्यात त्याला कोणी फारसं मानत नसे.

तिने पत्र दोनदा वाचलं. मग बोट ठेवून विचारलं, "विकृती म्हणजे?"

मी शास्त्रीय अर्थ सांगू लागले. ती म्हणाली, "बाई, आमच्या चाळीत विकृत कोणाला म्हणतात माहीत आहे ना तुम्हाला?"

मला माहीत होतं. शब्द बदलला. "चिंता" हाही तिला पटेना. चिंता आईला असते, भाड्याची, रेशनची, ही ती नव्हे, असं तिचं म्हणणं. शेवटी "तीव्र चिंतेचा आजार" यावर तिने नाइलाजाने मान हलवली. आजार म्हटलं की निदान माणूस आजारी असतो, वाईट नसतो.

पत्रात मी चार गोष्टी लिहिल्या. ती कधीपासून माझ्याकडे येते आणि मी कशावरून हे निदान करते. तिची बुद्धी चांगली आहे, अभ्यास झालेला आहे. झटक्यात तिला काय होतं आणि त्यामुळे परीक्षेत काय बिघडतं. आणि नेमकं काय हवं: तळमजल्यावर दाराजवळचा बाक, झटका आल्यास बाई पर्यवेक्षिकेबरोबर बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी, आणि बाहेर जाणारा वेळ भरून निघावा म्हणून प्रत्येक पेपरला अर्धा तास जादा. लेखनिक नको, सोपा पेपर नको, गुणांत सूट नको, हेही स्पष्ट लिहिलं. तिच्या घरातलं, वडिलांच्या नोकरीचं, कौलाचं काही लिहिलं नाही. बोर्डाला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

तिच्या वडिलांनी संमतीवर सही करायला मात्र नकार दिला. एका सकाळी रखवालीची पाळी संपवून, तसेच खाकी कपड्यांत, ते माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. बोर्डाच्या कागदावर एकदा डोक्याचा आजार लिहिला की तो जन्मभर राहणार, उद्या मुलीचं लग्न ठरवताना कोणी काढला तर काय करू, एवढंच विचारत राहिले. मी त्यांना सांगितलं, गुणपत्रिकेवर यातलं काही येणार नाही. त्यांना ते पटलं की मुलीच्या हट्टापुढे हात टेकले, मला सांगता येत नाही. सही केली.

असा अर्ज शाळेमार्फतच जावा लागतो. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई म्हणजे कडक इस्त्रीची सुती साडी आणि तशीच शिस्त. त्यांना शाळेच्या निकालाची काळजी. असल्या भानगडीत शाळेचं नाव नको, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. दुसऱ्या मुलांनीही उद्या भीती वाटते म्हणून कागद आणले तर? मी म्हटलं, आणतील तर मी त्यांना तपासेन, आणि नसेल आजार तर नाही म्हणून लिहून देईन. त्यांनी माझं पत्र पुढे पाठवलं, पण सोबतच्या पत्रात एकच ओळ: "योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर." शिफारस नाही, विरोध नाही. त्या ओळीचा मला राग आला होता.

जानेवारी निघून गेला तरी उत्तर नाही. मी रजा टाकून बोर्डाच्या कार्यालयात गेले. बरीच टेबलं फिरून एका अधिकाऱ्यासमोर पोचले. साहेब वयाने पन्नाशीचे, वागायला अजिबात वाईट नाहीत. मला चहा मागवला. माझं पत्र त्यांच्यासमोर होतं आणि त्यांनी ते वाचलेलं होतं.

"परीक्षेची भीती कोणाला नसते, बाई? मला स्वतःला होती."

मी म्हटलं, "जिना चढताना धाप सगळ्यांनाच लागते. दमा सगळ्यांना नसतो."

ते हसले. उपमा आवडली असावी, पण उपमेवर शेरा मारता येत नाही. त्यांची अडचण वेगळी होती. नियमांत अंध आहे, मूकबधिर आहे, अपंग आहे, अपघात आहे. हे कशात बसवायचं? शिवाय मी डॉक्टर नाही. माझ्या सहीला त्यांच्या लेखी किंमत नव्हती, आणि आमच्या डॉक्टरांची सही खाजगी दवाखान्याची, म्हणजे सरकारी नव्हे.

मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि खालच्या आवाजात मला मार्ग दाखवला. मनापासून, मदत म्हणून. उजव्या हाताला प्लॅस्टर घाला, हाड मोडल्याचं सर्टिफिकेट आणा. लेखनिक मिळेल, लेखनिकाच्या उमेदवारांना वेगळी खोली असते, वेळही जादा मिळतो. तुम्हाला हवं ते सगळंच मिळतंय ना?

मी म्हटलं, "हात मोडलेला नाही."

"ते मला माहीत आहे. पण तो मी मंजूर करू शकतो."

मी रागाने तिथून उठले. बसस्टॉपवर उभं राहिल्यावर मात्र लक्षात आलं की हा निर्णय माझा नाही. परीक्षा तिची होती. मला खरेपणाचा झेंडा मिरवायचा म्हणून तिचं वर्ष घालवायचा मला काय अधिकार? दुसऱ्या दिवशी मी तिला आणि आईवडिलांना बोलावून साहेब जे म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. माझ्या हाताखालून खोटं सर्टिफिकेट जाणार नाही, पण त्यांनी दुसरीकडून आणलं तर मी अडवणार नाही, हेही सांगितलं.

वडिलांचा चेहरा उजळला. साकीनाक्याला त्यांच्या ओळखीचा एक हाडवैद्य आणि एक डॉक्टर होते. हात मोडला, यात लाज काय? उद्या प्लॅस्टर काढलं की विषय संपला. आईलाही ते पटलं. किती सोपं होतं. पलीकडे कोणीतरी सर्वांत खालची ओळ चुकीची वाचत होतं.

मुलगी म्हणाली, "लेखनिक कोण असतो?"

मी सांगितलं की खालच्या इयत्तेतलं कोणीतरी असतं, नियमच तसा आहे. तू सांगायचंस, तिने लिहायचं.

"म्हणजे नववीतली मुलगी माझं बीजगणित लिहिणार?" तिने हात मांडीखालून काढून टेबलावर ठेवले. "आणि मी तीन तास खोटा हात गळ्यात घालून बसणार. मला झटका कशाने येतो तुम्हाला माहीत आहे ना, बाई? कोणीतरी बघतंय, आता मी पकडली जाणार, याने येतो. प्लॅस्टर घालून तर मी पहिल्याच घंटेला मरेन."

वडील म्हणाले, थोडे दिवस सहन कर.

ती त्यांच्याकडे वळली. "अण्णा, तुम्ही संपात होता तेव्हा कामावर परत जा म्हणून किती जण सांगत होते. तुम्ही गेलात?"

अण्णा म्हणाले, "नाय गेलो. आणि काय झालं बघतेस ना?"

"बघते," ती म्हणाली. "तरी मला प्लॅस्टर नको."

प्लॅस्टर बारगळलं. आता सरकारी सही मिळवायची होती. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही तिघी, ती, आई आणि मी, सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाऊन बसलो. ती जागा म्हणजे तिच्यासाठी रांग, गर्दी आणि अरुंद बोळ, सगळं एकत्र. तिला झटका आला. ती उठून आवारात गेली, कडुनिंबाखाली उभी राहिली. आई मागे धावू लागली, तिला मी थांबवलं. काही वेळाने ती आपली आपण परत आली आणि आईशेजारी बसली. घामाने ब्लाऊज ओला झाला होता.

आत दोन डॉक्टर होते. मोठ्या डॉक्टरांनी आईला विचारलं, मुलगी एकटीच हसते का, आवाज ऐकू येतात का. आईचा जीव थोडा थोडा झाला. मग त्यांनी मुलीला थेट विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "दाराजवळचा बाक." त्यांनी मान वर केली आणि तिथून पुढे ते तिच्याशीच बोलले. शेवटी माझं पत्र वाचून म्हणाले, निदान बरोबर आहे, मागणी जास्त नाही. आमच्या निदानाशी सहमत असल्याचं त्यांनी रुग्णालयाच्या कागदावर लिहून दिलं. शिक्का मारायला एक माणूस जेवायला गेला होता, त्याची वाट बघितली.

तो कागद जोडून मी दुसरं पत्र केलं. या वेळी मी मुख्याध्यापिका बाईंकडे गेले तेव्हा माझ्याबरोबर ती मुलगी आली. शाळेच्या कचेरीत तिने बाईंना सांगितलं की तिला यंदा पास व्हायचं आहे, आणि शाळेने तिला मदत केली नाही तरी ती बसणार आहे. मग ती पुन्हा पळाली तर निकाल शाळेचाच खाली येईल. मी जन्मात असं बोलले नसते. बाईंनी टंकलेखकाला बोलावलं आणि या वेळी सोबतच्या पत्रात चांगल्या सहा ओळी सांगितल्या. शेवटची ओळ "मी याची जोरदार शिफारस करते" अशी होती.

परीक्षेच्या दोन दिवस आधी बोर्डाचं उत्तर शाळेत आलं. दाराजवळचा बाक, मंजूर. पर्यवेक्षिकेबरोबर बाहेर जाऊन परत येणं, मंजूर. जादा वेळ, नामंजूर. बाहेर गेलेला वेळ भरून मिळणार नाही. शेवटी, ही सवलत अपवाद म्हणून दिली असून तिचा पायंडा मानला जाऊ नये.

मी वैतागले. जादा वेळ हा आमच्या मागणीचा कणा होता. ती मात्र पत्र वाचून म्हणाली, "बाक दिला ना? मग बसू."

पहिल्या पेपरच्या दिवशी मी फाटकाबाहेर होते. केंद्र दुसऱ्या शाळेत होतं, तिथे माझं काही काम नव्हतं, पण दवाखान्यात बसून राहवलं नसतं. घंटा व्हायला थोडा वेळ असताना मुख्याध्यापिका बाई रिक्षातून उतरल्या, हातात बोर्डाचं पत्र. मी चकितच झाले. त्या आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

काय झालं ते त्यांनीच नंतर मला सांगितलं. केंद्रसंचालकांना बोर्डाकडून वेगळं काही आलेलं नव्हतं. मुलीचा क्रमांक दुसऱ्या मजल्यावर, मधल्या रांगेत. ते म्हणाले, मला वरून आदेश नाही, मी बैठक बदलणार नाही. बाईंनी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं की सही बोर्डाची आहे; तुम्हाला शंका असेल तर फोन करा, तोवर मी इथून हलत नाही, आणि पेपर सुरू झाला तर तुम्ही बोर्डाचा आदेश मोडला असं मी लेखी देईन. त्यांनी फोन लावला. लागला नाही. बाई उभ्याच राहिल्या. मग तळमजल्यावर एका वर्गात दाराशी बाक ओढला गेला.

"बत्तीस वर्षं नोकरी केली," बाई मला म्हणाल्या, "कोणाशी वाद घातला नाही. आज फार बरं वाटलं." आणि साडीच्या निऱ्या नीट करून रिक्षा बघू लागल्या.

ती त्या पेपरला दोनदा बाहेर गेली. दोन्ही वेळा परत आली. तिच्याबरोबर आलेली पर्यवेक्षिका पहिल्या वेळी घाबरली होती. दुसऱ्या वेळी तिनेच पाण्याचा ग्लास आणला. भाषेचे पेपर बरे गेले. बीजगणित छान गेलं. भूमितीच्या पेपरला झटका मोठा आला. बाहेर बराच वेळ गेला आणि शेवटचे दोन प्रश्न राहिले. ते तिला येत होते. घरी जाऊन तिने ते कोऱ्या कागदावर सोडवले आणि मला आणून दाखवले. दोन्ही बरोबर होते.

निकाल जूनमध्ये लागला. ती पास झाली, दुसऱ्या वर्गात. पहिला वर्ग थोडक्यात गेला, भूमितीने नेला. आई पेढे घेऊन दवाखान्यात आली, डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दिले. वडील आले नाहीत, रखवाली होती. पण त्यांनी निरोप पाठवला की ते माझ्यावर रागावलेले नाहीत.

मुलगी मात्र रागावलेली होती. मी समजत होते की ती खूश असेल. ती येऊन बसली आणि म्हणाली, "अर्धा तास दिला असता तर माझा पहिला वर्ग होता. त्यांना सांगायला पाहिजे."

मी तिला सांगितलं की निकाल बदलणार नाही.

"मला माहीत आहे. मला निकाल नकोय. त्यांनी नाही म्हटलं त्याने काय झालं, ते त्यांना कळलं पाहिजे ना?"

तिने स्वतः पत्र लिहिलं. मी एकही शब्द घातला नाही, फक्त पत्ता सांगितला. पानभर होतं. बाक दिल्याबद्दल आभार. दोन प्रश्न कसे राहिले ते. आणि ते दोन प्रश्न, आकृतीसकट, सोडवलेले. खाली स्वतःचं पूर्ण नाव, परीक्षा क्रमांक, आणि आजाराचं नाव. ते कोणी तिला लिहायला सांगितलं नव्हतं. पत्र पोस्टात टाकताना ती म्हणाली की आता जे लपवायचं होतं ते तिनेच पाठवून दिलं आहे, तेव्हा कोणाला काढायचं असेल त्याने खुशाल काढावं.

बोर्डाने उत्तर दिलं नाही.

पुढच्या वर्षी माझ्याकडे भांडुपचा एक मुलगा आला, तसाच आजार. मी पत्र केलं, आणि या वेळी जादा वेळाच्या मागणीखाली लिहिलं की मागील वर्षी मंडळाने बाकाची व बाहेर जाण्याची सवलत दिली होती, आणि जादा वेळ न दिल्याचा परिणाम उमेदवाराने स्वतः मंडळास कळवला आहे. साहेब तेच होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, पायंडा मानू नये असं लिहिलं होतं ना?"

मी म्हटलं, "मी मानत नाही. मी फक्त आठवण करून देतेय."

त्यांनी फाइल काढायला लावली. तिचं पानभर पत्र आत होतं. टाचणी लावून, आवक क्रमांक घालून ठेवलेलं. साहेबांनी आकृत्यांवरून बोट फिरवत दोन्ही उत्तरं तपासली. बराच वेळ घेतला. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी मुलाच्या अर्जावर काहीतरी लिहिलं. मला समोरून उलटं दिसत होतं. पंधरा मिनिटं, असं होतं. अर्धा तास नव्हे.

"पंधराने भागणार नाही," मी म्हटलं.

"यंदा एवढंच," ते म्हणाले. मी पुढल्या जानेवारीत नवा अर्ज घेऊन परत गेले.